पाचवा रिवॉर्ड

पैसे उभे करायच्या एका साइटवर माझ्या खेळाचं पान लिहायला घेतलं आणि पहिल्याच चौकटीत माझी गाडी अडली. चौकटीवर लिहिलं होतं, 'तुमची गोष्ट सांगा.' अरे, गोष्ट कसली? बोर्ड गेम आहे. पुठ्ठ्याचा पट, पत्ते आणि लाकडाची छोटी घरं. ज्याला हवा त्याने आधी पैसे कबूल करायचे, पुरेसे लोक जमले की मी खेळ बनवून घेणार आणि डबा त्याच्या घरी पाठवणार. क्राउडफंडिंग म्हणजे एवढंच, असं मी समजून चालले होते.

मी रत्नागिरीत घरी बसून लग्नपत्रिका डिझाइन करते. भाट्याच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्याला आमची गल्ली. एकटीच असते. लग्न केलं नाही, त्याची कारणं लोकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. हा खेळ मी चार वर्षं संध्याकाळी बसून तयार केला. खेळात एक वाडी आहे. प्रत्येकाकडे काही घरं. दर डावाला पत्ता उचलायचा. कुणाला मुंबईत नोकरी लागते, कुणी मुलाकडे राहायला जातं, आणि घर पालथं पडतं, म्हणजे बंद. शेजाऱ्याने किल्ली दिली तरच ते उघडतं. शिमग्याची पालखी फिरत फिरत शेवटच्या घरापर्यंत पोचायच्या आत सगळी घरं उघडी हवीत. जिंकलात तर सगळे जिंकता, हरलात तर सगळे.

चार जणांचा खेळ. तो मी एकटीने चारी बाजूंनी खेळून बघितला. खुर्ची बदलायचा कंटाळा आला की पटच फिरवायचे. तिसऱ्या बाजूची जी मी होते ती फार चेंगट, किल्ली द्यायला नको म्हणायची. तिच्याशी माझी भांडणंसुद्धा झाली आहेत. हसा, खुशाल हसा.

पुण्याचा एक मुलगा, म्हणजे तिशीतला बाप्या, पत्त्यांचे खेळ काढतो. अशा दोन मोहिमा त्याने तडीस नेल्या आहेत. मला ताई म्हणतो. माझा पहिला मसुदा त्याने फोनवर वाचला: 'कोकणच्या समृद्ध परंपरेचा अनोखा वारसा जपणारा खेळ.'

"ताई, ही पत्रिका झाली," तो म्हणाला. "खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' तेवढं राहिलं."

मला असा राग आला! पण खोटं नव्हतं. वीस वर्षं दुसऱ्यांची आमंत्रणं सजवली, हाताला तेच वळण. मग चिडून लिहिलं: 'आमच्या गल्लीत संध्याकाळी निम्म्या घरांत दिवा लागत नाही. त्या घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. मी कधी कधी जाऊन खिडक्या उघडते, थोडा वेळ बसते आणि परत लावून घेते.'

तेही त्याला फोनवर वाचून दाखवलं. मग म्हणाला, "हेच ठेवा. बाकी सगळं काढा."

म्हणजे माझं एकटेपण त्याला कामाचं वाटलं. वाईट वाटलं मला, पण ठेवलं.

बाकीचं पान त्याने पढवलं तसं केलं. वर छोटा व्हिडिओ, नाहीतर लोक थांबत नाहीत. मग खेळ कसा खेळायचा ते चित्रांतून. छपाईवाला ठराविक संख्येच्या खाली डबे करायला तयार नव्हता, त्यावरून लक्ष्य ठरवलं आणि पोस्टाचा खर्च वेगळा धरला. एक चौकट 'जोखीम' नावाची, तिथे उशीर कशाने होऊ शकतो ते आधीच प्रामाणिकपणे सांगायचं. आणि मोठा नियम असा की तीस दिवसांत लक्ष्य गाठलं तरच लोकांचे पैसे कापले जातात. एक टक्का कमी पडला तरी सगळं रद्द.

मग रिवॉर्ड, म्हणजे कोणी किती दिले तर त्याला काय मिळेल. पहिला नुसत्या आभाराचा, दुसरा खेळाचा डबा, तिसरा सागवानी घरांचा डबा, चौथा शाळांसाठी दोन डबे. पाचवा मी त्याला न विचारता टाकला: 'रत्नागिरीला माझ्या घरी या. जेवू आणि मी तुमच्याबरोबर खेळेन. फक्त पाच जणांसाठी.' लिहिताना कान गरम झाले होते. खरं सांगायचं तर खेळ छापला जावा ही इच्छा होतीच, पण त्याहून मला समोरच्या खुर्चीत कोणीतरी हवं होतं. लक्ष्याचा आकडा सगळ्यांना दिसत होता, हे खुर्चीचं मात्र फक्त मला ठाऊक होतं.

मोहीम सुरू झाली. पहिल्या दिवशी आपली माणसं धावली पाहिजेत, म्हणजे परकी येतात, असं पुण्याच्या मुलाने बजावलं होतं. मी सकाळीच लिंक सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवली. गल्ली, शाळेतल्या मैत्रिणी, आजवर ज्यांच्या पत्रिका केल्या ते सगळे. अंगठे आले, फुलं आली, हात जोडलेले आले. "वा वा, रत्नागिरीचं नाव काढलंस!" पण पैसे कबूल केले ते पुण्यामुंबईच्या, बंगळूरच्या अनोळखी लोकांनी. रत्नागिरीतून जवळपास कोणीच नाही.

बाजारात एक ओळखीचे दुकानदार भेटले. म्हणाले, "काय ते तुमचं वर्गणीचं? पावतीपुस्तक घेऊन या की, देऊ." मी सांगितलं, वर्गणी नाही हो, खेळ मिळणार आहे बदल्यात. ते म्हणाले, "हो हो, प्रसाद असणारच. पण या घरी." कपाळ! दुसऱ्या एकीने तर माझ्या हातात नोटा कोंबल्या. साइटवर रोख चालत नाही म्हणून परत दिल्या, तर तिला राग आला. मी मनात म्हटलं, एवढी शिकली-सवरलेली माणसं, एक बटण दाबता येत नाही? दारोदार फिरायला मी काय गणपतीचं मंडळ आहे?

दुसऱ्या आठवड्यात आकडा निम्म्यावर येऊन जो बसला तो उठेना. मधले दिवस असेच जातात म्हणे, तेव्हा अपडेट लिहीत राहायचं. लिहिलं. पालखीच्या पत्त्याचं चित्र कसं बदललं ते लिहिलं. सागवानी घरांचा नमुना आला, त्याचा फोटो टाकला. कोणी तरी खाली विचारलं, 'एकट्याने खेळता येईल का?' त्याला उत्तर द्यायला मला अख्खा दिवस लागला. 'येतं, पण मजा येत नाही,' असं लिहिलं. पुण्याहून लगेच फोन. "ताई, स्वतःच्या मालाला नावं ठेवताय?"

आणि पाचव्या रिवॉर्डखाली रोज तेच दिसायचं: 'पाचपैकी पाच शिल्लक.' सगळ्या जगाला दिसायचं. या बाईच्या घरी जेवायलासुद्धा कोणी यायला तयार नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मी ते बघायचे आणि दिवसाला तिथेच बुरशी लागायची. एखाद्याने रिवॉर्ड घेतला की तो बदलता येत नाही, पण कोणी घेतलाच नसेल तर काढता येतो. काढून टाकला. कोणाच्या लक्षातही आलं नाही, असं वाटलं.

चार-पाच दिवसांनी फाटकाशी समोरच्या बाई उभ्या. निवृत्त शिक्षिका, मंडणगडकडच्या शाळांत जन्म काढला, इथे आता एकट्याच. मुलगा आखातात. गल्लीतल्या बंद नसलेल्या घरांपैकी एक त्यांचं.

"काय गो," बाई म्हणाल्या, "ते जेवायचं कुठे गेलं?"

"कसलं जेवायचं?"

"तुझ्या त्या पानावर होतं ना पाचव्या नंबरला. भाच्याला बसवलं आज मोबाइल घेऊन, तर चारच दाखवतोय मेला."

मी फाटकाची कडी काढली. मग म्हटलं, "बाई, तुम्ही समोर राहता. तुम्हाला कशाला पैसे भरून माझ्याकडे यायचं?"

"मग फुकट बोलावलंस काय कधी? नाही ना." बाईंचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. "लोकांच्या पत्रिका करत्येस जन्मभर. नुसती पोस्टाने पत्रिका आली तर आपल्याकडे कोणी लग्नाला जातं काय? दारात यावं लागतं, या म्हणावं लागतं. तू आपली ती निळी ओळ पाठवून मोकळी. मी रोज म्हणत्ये, आज येईल, उद्या येईल. शेवटी म्हटलं, मरू दे, पैसे भरून जाऊ."

मी रागावले त्यांच्यावर. हो, रागावलेच! म्हटलं, हे दोन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतंत तर? बाई म्हणाल्या, "तू विचारलं असतंस तर?" आणि चप्पल काढून सरळ आत येऊन बसल्या.

उरलेले दिवस बाई मला घेऊन घरोघर हिंडल्या. मी मोबाइल धरायचा, त्यांनी बोलायचं. प्रत्येक घरी चहा. कोणाचा ओटीपी येईना, कोणाला मुलाला विचारायचं होतं, पण दारात गेल्यावर नाही कोणीच म्हटलं नाही. ते नोटा परत घेतलेले हातसुद्धा बटणावर आले. आकडा हलला, चढला, शेवटच्या दिवशी संध्याकाळी नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला. आणि तिथेच वेळ संपली.

पान राखाडी झालं. 'यशस्वी झाली नाही.' ज्यांनी कबूल केले होते त्यांच्यापैकी कोणाचा रुपया कापला गेला नाही, सगळं आपोआप सुटलं. शेवटचं अपडेट मला लिहावंच लागलं: 'खेळ आत्ता होत नाही. तुम्ही विश्वास ठेवलात, आभारी आहे.' पुण्याचा मुलगा म्हणाला, सहा महिन्यांनी परत लावू, एवढे लोक आहेत, आधी घरोघर जाऊ. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि पोटभर रडले. चार वर्षं हो. एक डबासुद्धा नाही.

त्याच रविवारी बाई दुपारी आल्या, येताना सोलकढी घेऊन. मी हाताने कापलेला, फेव्हिकॉलचे डाग पडलेला नमुन्याचा पट मांडला. जगात तेवढाच एक. दोन बाजू मी घेतल्या, दोन बाईंनी. बाई हळू खेळतात, प्रत्येक पत्ता मोठ्याने वाचतात. किल्ल्या मात्र मागायच्या आत देतात.

चौथ्या-पाचव्या डावाला त्यांनी पत्ता उचलला. "'मुलाला बाहेर नोकरी लागली. घर बंद.'" वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाचला, या वेळी मनात. मग त्या कोपऱ्यातल्या लाकडी घरावर पंजा ठेवला.

"हा नाही जात," बाई म्हणाल्या.

"बाई, नियम आहे. जावंच लागतं."

"असेल. हा नाही जात."

त्या नियमासाठी मी चार वर्षं डोकं फोडलं होतं. तो काढला तर खेळात उरतं काय? अगदी ओठावर आलं होतं की असं नाही चालत, सगळा डाव बिघडतो. बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या, हाताखालच्या घराकडे बघत होत्या.

पण छापलेलं कुठे होतं काही?

"बरं," मी म्हटलं. "नाही जात." आणि तो पत्ता उचलून गड्डीच्या तळाशी सरकवला.