गावपळणीत राहिलेली गोळी

देवाच्या कौलाने गावपळण ठरून सगळा आचरा गाव तीन दिवसांसाठी वेशीबाहेर झोपड्यांत राहायला गेला, तेव्हा राधाबाईंची प्रेडनिसोलोनची पट्टी घरातच राहिली. सांध्यांसाठी वर्षभर रोज घेतलेली गोळी. पण गावात परत शिरायचे नाही, म्हणून त्यांनी कुणालाच सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी झोपडीत त्यांना ओकाऱ्या झाल्या, उठवेना. सुनेने, शर्मिलाने, रिक्षाने दवाखान्यात नेले. इंजेक्शन देऊन, सलाईन लावून डॉक्टर म्हणाले, "या गोळीमुळे शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरतं. एकदम बंद केली की जिवावर बेततं. आम्ही सांगू तशी हळूहळूच कमी करायची."

"देवान गाव सोडूक सांगल्यान, गोळी नाय," शर्मिला म्हणाली. "माका सांगूक काय झाला होता? मेडिकलातसून दुसरी हाडली असती."

"तुका आणखी किती दमवू गो," म्हणत राधाबाईंनी थकलेले डोळे जरा मिटले.