मोरेश्वरचे जुने जोडे

मोरेश्वर माझा धाकटा दीर, पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तर. नवी राज्यं होऊन नागपूर तिकडं नि आमचं पांढुर्णा भोपाळच्या राज्यात गेलं, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यानं नागपुरातल्या मॅरेथॉनला नाव दिलं. सव्वीस मैल! तेव्हापासून माझ्या नवऱ्याचं, रघुनाथरावांचं, डोकं फिरलेलं. कापडाचे व्यापारी, भाऊ उघड्या मांड्यांनी धावणार हेच त्यांना सोसेना.

"गिऱ्हाईक हसून राहिले. मास्तर हाय का माकड?"

"दादा, मी फक्त शेवटपर्यंत पोचणार. नंबर नको मले."

आदल्या संध्याकाळी त्यानं सतरंजीवर सामान मांडलं आणि एकेक म्हणत गेला, मी पिशवीत भरत गेले. धुऊन मऊ झालेले बनियन, हाफपँट, मोजे. मांड्या-काखा घासू नयेत म्हणून खोबरेल. सकाळी खायला केळी नि दशम्या; वाटेत ग्लुकोज, मीठ-लिंबू. छातीवरच्या नंबराला चार सेफ्टी पिना, चारही कोपऱ्यांना, नाहीतर कापड फडफडतं. नंतरसाठी कोरडं धोतर, स्वेटर, चपला, संत्री. सगळ्यात शेवटी कागदात गुंडाळलेले कॅनव्हासचे जोडे, सहा महिने रोज वापरून पायाच्या आकाराचे झालेले.

"वहिनी, नवं काहीच घालायचं नसते त्या दिवशी," तो म्हणाला.

हे यांनीही ऐकलं होतं.

सकाळी आम्ही तिघं नागपुरात पोचलो. नंबर देणाऱ्यानं गाव विचारलं. "पांढुर्णा? तुमचं भोपाळ तिकडं हाय, मास्तर."

मोरेश्वरनं पिशवीतून पिना काढल्या. नंबर लावला, जोड्यांवरचा कागद सोडला. आत पांढरेशुभ्र नवे जोडे, टोकाला कुंकवाची बोटं.

"घराण्याचं नाव हाय," हे म्हणाले. "मोठ्या दिवशी फाटके जोडे घालून जातेत का? पूजा करून ठेवले."

"जुने कुठं हायेत?"

"चुलीत."

मोरेश्वरनं नवे जोडे खाली ठेवले. "तुमाले माझं धावणंच बंद पाडाचं होतं, दादा."

"चपला घालून धाव मग! तोंड वर करून बोलू नको."

त्यानं टाचांना खोबरेल चोपडलं, नवे जोडे घातले नि गेला. शर्यत सुटली.

दुपार झाली. बाकीचे येऊन, संत्री खाऊन पांगलेही. हे मंडप सोडून जायला उठले. "सोडलं असंन त्यानं."

"मी बसते," मी म्हटलं, तेव्हा हेही परत टेकले.

तो आला तेव्हा शेवटच्या रेषेचे दोर गुंडाळून राहिले होते. लंगडत, पण पायांवर. चारही पिना जागेवर होत्या. दोर गुंडाळणाऱ्या पोरानं दोर सोडला आणि त्याचं नाव लिहून घेतलं. मी त्याच्या अंगावर स्वेटर टाकला, चपला पुढं केल्या; त्यानं जोडे काढले, पण सुजलेले पाय चपलेत मावेनात. मोजे लाल, टाचांवर कातडी नाही.

तो अनवाणी उभा राहिला. जोडे उचलून त्यानं यांच्या हातात दिले.

"घराण्याचं नाव आता तुमीच घाला, दादा."

यांनी जोडे उलटसुलट करून पाहिले. कुंकू कुठलं नि रक्त कुठलं, ते ओळखू येत नव्हतं. गाडीत हे आमच्यापासून दोन बाकं दूर बसले. जोडे मांडीवरच होते.

पुढच्या वर्षी मोरेश्वरनं पुन्हा नाव दिलं. त्याची पिशवी तेव्हापासून आदल्या रात्री माझ्या उशाशी असते.