उन्हात न दिसलेले हात

आमच्या दादाने बावीस वर्षं मोबाइल दुरुस्त केले आणि तेवढ्या वर्षांत माझं एकदाही ऐकलं नाही. काउंटरवर मी, आत टेबलाशी तो. ओएलईडी स्क्रीनकडे फार वेळ पाहिलं की त्याचं डोकं धरायचं. "उजेड कमी केला की ती लुकलुकते गं," तो म्हणायचा. "डोळ्यांना कळत नाही, पण डोक्याला कळतं." म्हणून जमेल तिथे तो जुन्या पद्धतीची, मागे दिवा असलेली एलसीडीच बसवायचा. सगळ्यांना होत नाही तसं, हे त्याला कोण सांगणार?

रोपवाटिकेत काम करणाऱ्या बाई ओएलईडी स्क्रीन फुटलेला फोन घेऊन आल्या. त्यांना ऐकू येत नव्हतं, त्यांच्या मुलालाही नाही. मुलगा दूरच्या दवाखान्यात होता, आणि मायलेकरं व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलत. बाईंनी आमच्या वहीत लिहिलं, "होती तशीच बसवा. बॅटरी दिवसभर पुरायला हवी."

दादाने बसवायला खणातून एलसीडी काढली तशी मी म्हटलं, "दादा, त्या उन्हात काम करतात."

"मग डोळे नकोत सांभाळायला? आणि ही सेकंदाला साठच वेळा चित्र बदलते, आधीची एकशेवीस वेळा बदलायची. बॅटरी उलट वाचेल."

दुकानातल्या अंधारात ती लख्ख दिसली. बाई समाधानाने गेल्या. स्क्रीन वेगळी आहे हे मी त्यांना सांगितलं नाही, ते आजही मला खातं.

बारा दिवसांनी त्या परत आल्या. मुलगा गेला होता. ऑपरेशनला नेण्याआधी, भर दुपारी, त्याने कॉल केला तेव्हा त्या वाफ्यांत होत्या. जुन्या स्क्रीनचा काळा भाग विझलेलाच असायचा, म्हणून फोनची पार्श्वभूमी काळी ठेवली की बॅटरी पुरायची. हिच्यात मागचा दिवा कायम जळत होता. उन्हात दिसावं म्हणून बाईंनी उजेड सकाळपासून पूर्ण वाढवून ठेवलेला, तरी चित्र फिकंच. साठ वेळांची ती बचत तिथे कुठे पुरणार! त्या सावलीकडे धावत असतानाच फोन बंद पडला.

"चेहरा ओळखू आला. हात नीट दिसले नाहीत," बाईंनी लिहिलं.

दादाने वही ओढली. "चूक माझी आहे. तुम्हाला न विचारता दुसऱ्या प्रकारची स्क्रीन बसवली."

बाईंनी ते वाचलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उजवा हात छातीशी नेला, थोडा पुढे आणला आणि थांबवला. मुलाचं एवढंच दिसलं होतं. पुढे काय असेल, असं त्यांनी भुवया उंचावून दादाला विचारलं.

दादाला ती भाषा येत नव्हती. त्याने आपला हात छातीशी नेला, तसाच थोडा पुढे आणला, आणि पुढचं न कळून तिथेच धरून रडू लागला.