आपोआप जाणारा डाग

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईखोलीत काम करणाऱ्या बाईला सगळे नीळमावशी म्हणायचे. कपड्यांना नीळ देणं बंद होऊन जमाना लोटला होता. आता तिथे क्लोरीनची पिंपं होती आणि दिवसभर घरघरणारी दोन मोठी मशिनं. पण नाव एकदा चिकटलं की कुठल्या साबणाने निघतंय? मावशीलाही त्याचं काही वाटत नसे. रक्ताला थंड पाणी, औषधाच्या पिवळ्या डागाला आधी भिजवण, मग चोळण, एवढं तिचं शिक्षण. त्यावर तिने नवऱ्यामागे एकुलता एक मुलगा वाढवला. डागांबद्दल तिचं मत पक्कं होतं. डाग आपोआप जात नाही. कुणाला तरी हात झिजवावे लागतात.

मुलगा लग्नानंतर सासरीच राहायला गेला. घरजावई म्हटलेलं त्याला चालत नसे, म्हणून कुणी म्हणत नसे. सुनेचं बाळंतपण मात्र याच हॉस्पिटलात ठरलं, आणि मावशीच्या ओळखीने तिला खिडकीजवळची खाट मिळाली. सीझर झालं, मुलगी झाली. मावशीने कोपरापर्यंत हात धुतले, वर जाऊन नातीला उचललं. इतकं हलकं काही तिने आयुष्यात उचललं नव्हतं. तिच्या वाट्याला कायम ओल्या चादरीच आलेल्या. नातीसाठी तिने जुन्या मऊ चादरीची झबली शिवली होती, त्यातलं एक तिने स्वतःच्या हातांनी घातलं.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या छातीवर, पोटावर, गालांवर लाल चट्टे उठले. मधोमध बारीक पिवळसर पुळी. पिसवांनी फोडून काढावं तसं ते इवलंसं अंग दिसत होतं. सून रडायला लागली. विहीणबाईंनी बाळाचं झबलं काढलं, दोन बोटांत धरलं आणि मावशीकडे बघितलं.

"काल तुम्ही हिला घेतलंत ना?"

"घेतलं की."

"दुनियेचं रक्त-पू धुणारे हात, बाई. विचार तरी करायचा!"

मावशीने हात मागे घेतले. मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर पार्किंगची भिंत होती.

मुलांच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी बाळ उघडं करून पाहिलं, तळहात-तळपाय निरखले, ताप बघितला, दूध कसं पिते ते विचारलं. दूध तर ती आधाशासारखी पीत होती.

"काही नाही झालेलं. कितीतरी धडधाकट बाळांना असं येतं. एकीकडचे मावळतात, दुसरीकडे उठतात, आणि आठवडाभरात सगळे आपोआप जातात. काही लावू नका, पुळी फोडू नका. ताप आला, बाळ मलूल झालं, दूध सोडलं, तर मात्र लगेच मला बोलवा."

"आणि हा पू?" विहीणबाईंनी विचारलं.

"पू दिसतो, पण जंतूंचा नाही. त्यात एका जातीच्या पांढऱ्या पेशी असतात, शरीरातल्याच. बाळ पोटातून बाहेर येतं, कातडीवर पहिल्यांदाच जंतू बसतात, केसांच्या मुळाशी शिरतात. साधे जंतू, तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या अंगावर असतात तेच. शरीर दचकतं आणि पेशींची फौज तिकडे धावते. मग त्याला ओळख पटते, फौज पांगते. डाग नाही, व्रण नाही. तळहात-तळपायांवर केसच नसतात, म्हणून बघा, तिथे काही नाही."

"म्हणजे कशाने येतं, हे पक्कं?"

डॉक्टरबाई खरं बोलणाऱ्या होत्या, तेच नडलं. "असं मानतात. पक्कं अजून कुणाला सांगता आलेलं नाही."

"पक्कं नाही ना!" विहीणबाई म्हणाल्या. तेवढंच त्यांना हवं होतं.

त्याच दुपारी मुलगा झबल्यांचं गाठोडं घेऊन तळघरात उतरला. "आई, हे ठेव. आता इथलीच दुपटी वापरतोय. आणि थोडे दिवस वर येऊ नकोस."

"डॉक्टरबाई काय म्हणाल्या, ऐकलंस ना तू?"

"ऐकलं गं. पण सासूबाईंचं मन राखायला नको? आणि त्या म्हणतात, इथली दुपटी बघा कशी स्वच्छ, मशीनमध्ये धुतलेली."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. मागे दोन्ही मशिनं घरघरत होती. हॉस्पिटलचे कपडे हॉस्पिटलच धुतं, असं लोकांना वाटतं. बाळाच्या अंगावरचं दुपटं तिने सकाळी याच हातांनी झटकलं होतं, घडी घालून वर पाठवलं होतं. हे पोटच्या पोराच्याही ध्यानात येऊ नये! सांगावं, असं अगदी जिभेवर आलं तिच्या. पण सांगितलं असतं तर विहीणबाईंनी ती दुपटीही फेकली असती. मग हाताचा तेवढाही स्पर्श नातीला राहिला नसता. तिने गाठोडं घेऊन बाजूला ठेवलं. त्या दिवसापासून बाळंतिणींच्या वॉर्डचा गठ्ठा ती दुसऱ्या कुणाला घडी घालू देईना.

तरी मनातून जाईना. जिन्यात डॉक्टरबाई भेटल्या तेव्हा तिने दोन्ही हात पुढे केले. "खरं सांगा. ह्यांनी नाही ना झालं?"

"नाही हो मावशी. तुम्ही घेतलं नसतं तरी झालं असतं."

"आपोआप जाणार म्हणता. माझ्या जन्मात एक डाग आपोआप गेलेला नाही, डॉक्टरबाई."

"हे जातात. घासायचं नाही, एवढंच काम."

ते गेलेही. गालांवरचे आधी मावळले, मग पाठीवर दोन-चार उठले, तेही विरले. घरी सोडायच्या दिवशी अंग कसं लोण्यासारखं होतं. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "बघा, काही न करता गेले."

"काही न करता कसं?" विहीणबाई म्हणाल्या. "हात लागायचा बंद केला, कपडे बदलले, तेव्हा गेले."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली की बिचाऱ्या कावळ्याने कुणाकुणाला समजवावं? चट्टे राहिले असते तर मावशीचा दोष, गेले तर तो सिद्ध झाला. डॉक्टरबाईंनी पुन्हा समजावून बघितलं. सुनेने मान डोलावली आणि बाळाला पदराआड घेतलं.

मावशी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. मुलगा पिशव्या घेऊन पुढे आला. "पोरगी जरा मोठी होऊ दे, आई. मग मीच घेऊन येईन."

"कधी?"

"बघू."

त्याचा 'बघू' ती लहानपणापासून ओळखत होती. विहीणबाई बाळाला घेऊन तिच्या अंगाला लागू नये इतक्या बेताने शेजारून गेल्या. चेहरा झाकलेला होता. मावशीला फक्त एक मूठ दिसली, गुलाबी, एकही डाग नसलेली.

संध्याकाळी वॉर्डचा गठ्ठा खाली आला. त्यात नातीचं दुपटं होतं, कोपऱ्यात हॉस्पिटलचा शिक्का. त्याला दुधाचा आंबूस वास येत होता. तिने ते नाकाशी धरलं आणि खूप वेळ रडली. दुधाचा डाग होता एक. तो तिने हाताने चोळला नाही, तसाच राहू दिला, जातो का बघावं म्हणून. गेला नाही. वरून नर्सचा फोन आला, दुपटी कमी पडताहेत, नवीन बाळ आलंय. मग तिने साबण लावला, डाग काढला आणि दुपटं मशीनमध्ये टाकलं.