तुटीचा जामीनदार

मुकुंदवाडीचे व्यंकटराव बीडकर बत्तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते आणि निवृत्तीनंतरही थांबले नव्हते. भाजीवाली, रिक्षावाला, बायको यमुनाबाई, जो समोर येईल तो विद्यार्थी. राजकोषीय तूट हा त्यांचा लाडका धडा. सरकारचा एकूण खर्च घ्या, त्यातून कर्ज सोडून बाकीची जमा वजा करा, उरते ती तूट. ती भागवायला सरकार रोखे विकून कर्ज काढतं. झालं! यमुनाबाईंना हे पाठ होतं, पण त्या कधी कबूल करत नसत.

मुलगा विश्वजित छोटा कंत्राटदार. बिल्डरांच्या मागं फिरू नकोस, सरकारी काम घे, सरकार कधी बुडत नाही, हा सल्ला वडिलांचाच. त्यानं पडेगावच्या पुढं रस्त्याचं आणि दोन मोऱ्यांचं काम जानेवारीत पुरं केलं. बावीस लाखांचं बिल दिवाळी झाली तरी येईना. सिमेंटवाला, सळईवाला दारात येऊन बसू लागले. बँक तेरा टक्क्यांनी पंधरा लाख द्यायला तयार होती, पण घर तारण हवं होतं आणि व्यंकटरावांची जामीनकी. घर त्यांच्या नावावर, आयुष्यभराच्या पगारातून बांधलेलं.

"सही करणार नाही," व्यंकटराव म्हणाले. "पेपरात आलंय, राज्याची तूट सकल उत्पादनाच्या तीन टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणजे तुझं बिल धरून सगळा खर्च भागला. पैसा वाटेत कुणीतरी दाबलाय. मी बघतो."

विश्वजितनं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी पेपरचं कात्रण खिशात घालून सर बांधकाम विभागाच्या कार्यालयात पोहोचले. लेखा शाखेत त्यांची जुनी विद्यार्थिनी करुणा बसायची. खुर्ची सोडून ती पाया पडली.

"सर, लई उन्हात आलात. बसा की, चहा सांगते."

"चहा नको. माझ्या मुलाचे पैसे कुणी खाल्ले ते सांग," सर म्हणाले आणि कात्रण टेबलावर आपटलं.

करुणानं ते वाचलं. मग कपाटाकडं बोट दाखवलं. तिथं फायली कोंबून भरल्या होत्या.

"कुणीच नाय खाल्ले. ही समदी बिलं तपासून तयार हायत. वरून निधीच नाय."

"पण खर्च तर झाला ना? मोरी उभी आहे, मी स्वतः पाहिली."

"मोरी उभी हाय, सर. पण सरकारी हिशेबात पैसा तिजोरीतून गेला की खर्च. तोवर तुमच्या विश्वजितनं कामच केलं नाय असं धरा."

सरांनी पेन काढलं. कात्रणाच्या मागं सूत्र मांडलं. बावीस लाख खर्चात घालून पाहिले, काढून पाहिले, जमेत तर बसेनातच. घाम पुसत ते म्हणाले, "मग रोखे विकावेत आणि द्यावेत! साडेसात टक्क्यांच्या आसपास पैसा मिळतो की सरकारला."

"रोखे विकून बिलं भागवली तर खर्च वाढतो. मग तूट वाढती, मर्यादा मोडती, पेपरात बोंब व्हती."

"आणि माझ्या मुलाचं बिल अडकवून ठेवलं तर?"

"मग तूट तेवढीच दिसती," करुणा म्हणाली. तिलाच वाईट वाटत होतं. "तोवर कंत्राटदार तेरा टक्क्यांनी कर्ज काढतात, अन् पुढच्या निविदेत तेवढं व्याज दरात चढवतात. शेवटी सरकारलाच महाग पडतं. पण ते पुढच्या साली."

"मी हे शिकवलं नव्हतं," सर पुटपुटले.

"पुस्तकात नव्हतं, सर."

बाहेर पडल्यावर ते चुकीच्या शेअर रिक्षात बसले आणि पार लासूरच्या रस्त्याला लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. ज्या सूत्रावर बत्तीस वर्षं पोरं पास केली, त्यात स्वतःचा पोरगा कुठं लिहायचा? राग सरकारचा यावा की स्वतःचा, हेही त्यांना कळेना. घरी यमुनाबाईंनी विचारलं, "कुणी खाल्ले?" त्यांनी समजावायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच त्यांना वाक्य जुळवता आलं नाही. पाणी पिऊन ते म्हणाले, "विश्वजितला सांग, उद्या बँकेत येतो."

बँकेत अधिकारी राजकुमार अर्ज भरून घेत होता. "कर्जाचा उद्देश काय लिहू, काका?"

"लिहा, राज्याची राजकोषीय तूट भागवणे."

राजकुमार हसला. त्यानं 'व्यवसायासाठी खेळतं भांडवल' असं लिहिलं आणि अर्ज पुढं सरकवला. विश्वजित खाली मान घालून बसला होता. व्यंकटरावांनी चष्मा पुसला, कर्जदाराचं नाव दोनदा वाचलं. त्या रकान्यात सरकार कुठंच नव्हतं. मग त्यांनी सही केली आणि राजकुमारनं घराचे मूळ कागद आपल्या फायलीत ठेवून घेतले.