किर्तीचे बूट आणि रघुबाबांचा डावा हात

सोनिवलीत किर्ती नांदायला आली तेव्हा ती वायरमनचं काम करते हे सासरी माहीत होतं, पण सून शिडीवर चढलेली प्रत्यक्ष पाहिल्यावर सासू गोदूबाईंनी धावत जाऊन शिडीच धरून ठेवली. आयटीआय केलेली पोरगी, बदलापूरच्या नव्या सोसायट्यांतून तिला रोज बोलावणं. गोदूबाई मात्र तिचा फोन लागला नाही की उंबऱ्यात येऊन बसायच्या.

शेवटी त्यांनीच हट्ट धरला, "विजेचे बूट मिळतात म्हणं. घे ते."

बायकांच्या मापाचे बूट कुठेच मिळेनात. उल्हासनगरात एका सिंधी शेठने माळ्यावरून शोधून एक जोड काढला. तळ जाड आणि करंटरोधक, किर्तीच्या पायाला जेमतेम बसणारा. शेठ म्हणाला, "ये पहनो, फिर बिजली का बाप भी कुछ नहीं करेगा." किर्ती हसली. गोदूबाईंनी ते वाक्य जसंच्या तसं घरी नेलं आणि नवऱ्याला ऐकवलं.

रघुबाबा म्हणजे किर्तीचे सासरे. भाताची दोन खाचरं, विहिरीवर भाजीचे वाफे आणि कुठल्याही मशीनला हात लावायची भारी हौस. त्यांचा पाय लहान. सुनेचे बूट आपल्यालाही होतात, हे त्यांना लवकरच कळलं. एकदा ओटीवरच्या सैल झालेल्या बटणाच्या वायरीला त्यांचं बोट लागलं, आणि पायात ते बूट होते. नुसती मुंगी चावल्यासारखं झालं. कोरडी फरशी, बुटाचा कोरडा तळ, दुसरा हात खिशात, म्हणून ते वाचले. बाबांनी सगळं श्रेय बुटांना दिलं आणि किर्तीला काही बोलले नाहीत.

त्या दिवशी किर्ती दुपारी जेवायला घरी आली होती. दारात काढून ठेवलेले बूट जागेवर नव्हते. विहिरीकडून गोदूबाईंची किंकाळी आली, "बाबांना करंट सोडत नाय गं!"

किर्ती वळली, पण विहिरीकडे नाही. ती ओटीवर धावली आणि मीटरजवळचा मेन स्विच खाली ओढला. मगच ती धावत वाफ्यांकडे गेली. बाबा बंद पडलेल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये हात घालून बसले होते. लाइन जाताच ते मागे चिखलात कोसळले होते. गोदूबाई त्यांना धरायला झेपावल्या होत्या. करंट चालू असताना त्यांनी हात लावला असता, तर दोघंही गेली असती.

श्वास चालू होता. बोटांवर भाजल्याचे दोन पांढरे डाग. शेजारच्या सुजितच्या रिक्षेतून त्यांना बदलापूरला नेलं. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी घरी सोडलं.

बाबा खाटेवर बसून पहिलं वाक्य बोलले ते तक्रारीचं, "बूट होते ना गं पायात? मना का मग पकडलं?"

किर्तीने खाटेजवळ पाट ओढला. ती रागावली नाही. बाबा समोर बसून बोलतायत, एवढ्यानेच तिचा राग विरघळला होता.

"बाबा, डावा हात कुठे होता?"

बाबांनी आठवून पाहिलं. "पंपावर. लोखंडी पाइपावर टेकला व्हता."

"तो पाइप जमिनीत गेलाय. करंट उजव्या हातातून शिरला, छातीतून गेला आणि डाव्या हाताने जमिनीत उतरला. पायापर्यंत जायची त्याला गरजच पडली नाही. बूट पायाखालची वाट अडवतो, तीही कोरडा आणि न झिजलेला असेल तर. चिखलात भिजला की तेवढाही भरवसा नाही."

"मग शेठ खोटं बोलला?" गोदूबाईंनी विचारलं.

"अर्धंच बोलला, आई. चुकून कुठे बोट लागलं तर बूट उपयोगी पडतो. पण दोन हात दोन तारांना लागले की त्याच्या हातात काहीच नसतं. मी काम करते ते आधी मेन बंद करून, टेस्टरने खरंच बंद झालंय का ते बघून. बूट त्यानंतर येतो."

बाबांनी आपला डावा तळहात उलटापालटा करून पाहिला. "असं व्हय," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी पंपाचं काम निघालं. किर्तीने मेन पाडला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली सासऱ्यांच्या हातात दिली. टेस्टर आधी चालू लाइनवर लावून तो धड असल्याची खात्री केली होती. आता स्टार्टरमध्ये लावला, दिवा लागला नाही. मग तिने जळकी वायर काढली, नवी जोडली, पंपाची तुटलेली अर्थिंग बांधली आणि करंट गळाला की लाइन तोडणारं छोटं यंत्र पंपाच्या पेटीत बसवलं.

रघुबाबा किल्ली मुठीत धरून ओटीवर बसले होते. शेजारचा कोणी "काका, पंप कधी चालू होनार?" म्हणून डोकावला, तर त्याला ठणकावून म्हणाले, "सून सांगंल तेव्हा."

संध्याकाळी पाणी वाफ्यांतून सरळ वाहू लागलं. गोदूबाईंनी वांगी तोडायला घेतली आणि किर्ती विहिरीच्या कठड्यावर बसून चहा पीत राहिली.