फोनवर चहा नसतो

इस्माईलभाई पिंजारी माणूस सज्जन, आणि त्यांचा धंदा त्या सज्जनपणानेच खाल्ला. जुन्नरच्या बाजारगल्लीत त्यांचं गाद्यांचं दुकान. जूनमध्ये अवसरी खुर्दच्या भरतभाऊंना वसतिगृहासाठी चाळीस गाद्या दिल्या. बिल अठ्ठेचाळीस हजारांचं, मुदत महिन्याची. आता डिसेंबर लागला होता.

मधल्या काळात ते पाच वेळा अवसरीला जाऊन आले. नारायणगाव, मंचर, एसटी बदलत बदलत. भरतभाऊ दारातूनच हाक मारायचे, "या पावणं, चहा टाका गं!" चहा यायचा, वर बिस्किटं यायची. ज्याचा चहा घशाखाली उतरला त्याच्याकडे पैसे मागायला इस्माईलभाईंची जीभ रेटत नसे. मुलांची चौकशी करून ते परत यायचे, आणि घरी आल्यावर स्वतःचाच राग यायचा.

आता मात्र कापूसवाल्याने उधारी बंद केली. पिंजायचं मशीन आठ दिवस थंड पडलं होतं. मुलगी शिफा म्हणाली, "अब्बा, तुम्ही जाऊ नका. फोनवरच बोला. फोनवर चहा देता येत नाही."

दोघांनी मिळून मेसेज लिहिला. इस्माईलभाई शब्द मऊ करत होते, शिफा ते पुन्हा जागेवर आणत होती.

"भरतभाऊ, नमस्कार. बारा जूनच्या सत्तेचाळीस नंबरच्या बिलाचे अठ्ठेचाळीस हजार अजून येणे आहेत. बिलाचा फोटो सोबत पाठवला आहे. उद्या सकाळी अकरा वाजता दहा मिनिटं फोनवर बोलून पैसे देण्याची तारीख ठरवू. ही वेळ जमत नसेल तर तुमची वेळ कळवा. हिशेब मिटल्यावरच तुम्ही सांगितलेल्या पुढच्या वीस गाद्यांचं काम हाती घेता येईल."

दुसऱ्या दिवशी अकरालाच फोन वाजला.

"काय राव, फोनवर कशाला? इकडं या की, चहा घेऊ."

"चहा लई झाला भाऊ," इस्माईलभाई म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता, पण हलला नाही. "आज तारीख सांगा."

मग भरतभाऊ म्हणाले, "निम्मे आत्ता टाकतो, निम्मे धा तारखेला."

"चालंल. तसं मेसेजवर लिवून पाठवा."

"पाठवतो. पण एक सांगू का, भाई? पाच येळा आला तुमी, येकदाबी मागितलं न्हाई. मला वाटलं, तुमाला काय घाई न्हाई. मागितलं असतं तर दिवाळीआधीच दिलं असतं."

फोन बंद झाला. थोड्या वेळाने चोवीस हजार जमा झाले, मेसेजही आला. शिफाचा चेहरा उजळला. इस्माईलभाई मात्र बंद मशीनवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. त्यांना रडू येत होतं, आणि राग कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

"अब्बा, अजून कोणाकडे राहिलेत?" शिफाने विचारलं.

त्यांनी तीन नावं सांगितली. तिघांच्याही घरी चहा फार चांगला मिळत असे.